तीन वर्षं त्याच पदावर: साहेबांना चर्चेचं पत्र कसं लिहावं

मागच्या आषाढात भाचा घरी आला. जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात तो क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. डिप्लोमा झाल्या झाल्या लागला, त्याला तीन वर्षं झाली. पद तेच, काम मात्र दुपटीनं वाढलेलं. चहा संपायच्या आत त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाला, "मामा, हाई वाची देखा. उद्या साहेबांना देतो."

दीड पान मजकूर होता. "मी गेली तीन वर्षे अत्यंत प्रामाणिकपणे व मेहनतीने काम करीत आहे. माझ्यासोबत शिकलेले मित्र पुण्यात सीनियर झाले आहेत. घरची जबाबदारीही वाढली आहे. तरी माझ्या बढतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती."

मी स्वतः 24 वर्षं कारखान्याच्या ऑफिसात काढली आहेत, त्यामुळे असल्या कागदांचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. साहेब वाचतात, "बघू" म्हणतात आणि कागद ड्रॉवरमध्ये जातो. यात दुष्टपणा नसतो. बढती देणं बहुतेक वेळा त्या साहेबांच्या हातातच नसतं. वरचं पद मंजूर असावं लागतं, त्याचा पगार पुढच्या वर्षाच्या बजेटात बसावा लागतो आणि त्यावर प्लांट हेडची किंवा मालकांची सही लागते. म्हणजे साहेबांनाही तुमच्यासाठी वर बोलावंच लागतं. बोलताना त्यांच्या हातात काय असतं? "मेहनती मुलगा आहे" एवढंच. तेवढ्यावर कुठल्याही मालकानं पद मंजूर केलेलं मी पाहिलं नाही.

म्हणून मी भाच्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही: हे पत्र साहेबांच्या नावानं लिही, पण साहेब ते एक अक्षर न बदलता वर पाठवू शकतील असं लिही. दुसरी गोष्ट, बढती मागू नकोस, एक तास माग. त्या तासात कशावर बोलायचं ते आधी ठरलेलं हवं, आणि शेवटी काहीतरी लिहून निघायला हवं. बढतीला "नाही" म्हणणं साहेबांना सोपं जातं. एका तासाला नाही म्हणणं जड जातं.

आधी कागद काढा

पत्र लिहायला बसण्याआधी नेमणूक पत्र, तिन्ही वर्षांची पगारवाढीची पत्रं आणि ताजी पगार स्लिप समोर ठेवा. नेमणूक पत्रात तुमचं काम काय लिहिलंय ते पाहा. स्लिपवर पदासोबत ग्रेड छापलेली असेल तर तीही टिपून घ्या. पुष्कळांना आपली ग्रेड माहीतच नसते.

मग एका कोऱ्या कागदावर, आज तुम्ही करता पण नेमणुकीच्या वेळी तुमच्याकडे नव्हती, अशी कामं लिहा. भाच्यानं आधी "तसं काही नाही" म्हणून खांदे उडवले. थोडं खोदल्यावर तीन गोष्टी निघाल्या. नवीन ट्रेनी आले की प्रेशर टेस्ट कशी लावायची ते तोच शिकवतो. चोपडा-यावलकडच्या शेतकऱ्याची पाइप फुटल्याची तक्रार आली की शेतावर जाऊन तुकडा आणतो आणि अहवाल लिहितो. आणि तिसरी गोष्ट तो सांगणारच नव्हता, कारण त्याला ती फार किरकोळ वाटत होती. ती होती पाइपच्या वजनाची.

ती नीट सांगतो, कारण पत्राचा कणा तीच ठरली. पाइप बनवण्याच्या खर्चात सर्वात मोठा वाटा मालाचाच. भिंत ठरलेल्या जाडीपेक्षा पातळ झाली तर पाइप टेस्टमध्ये फुटतो, म्हणून ऑपरेटर जरा जाड बाजूलाच चालवतात. हॉल-ऑफ, म्हणजे पाइप ओढणारं मशीन, थोडं हळू ठेवलं की भिंत जाड होते आणि डोक्याला ताप राहत नाही. पण त्या जास्तीच्या जाडीतून माल फुकट जातो. भाच्याच्या लाइनवर 63 मिलिमीटरचा पाइप मीटरमागे सरासरी 12 ग्रॅम जड निघत होता. पूर्वी शिफ्टमध्ये एकदाच वजन व्हायचं. यानं दर तासाला एक मीटरचा तुकडा कापून वजन करायला सुरुवात केली आणि आकडा हॉल-ऑफशेजारी लावलेल्या तक्त्यावर खडूनं लिहायला लागला. डोळ्यासमोर आकडा आला तसे ऑपरेटर स्वतःहून वेग जुळवू लागले. चार महिन्यांत जास्तीचं वजन 12 वरून 5 ग्रॅमवर आलं, आणि टेस्टमध्ये फुटण्याचं प्रमाण वाढलं नाही.

आता हिशेब. मीटरमागे 7 ग्रॅम वाचले. ती लाइन दिवसाला साधारण 9,000 मीटर पाइप काढते, म्हणजे रोज 63 किलो माल. महिन्याचे 25 दिवस धरले तर दीड टनाहून थोडा जास्त. ही किरकोळ गोष्ट नाही. "मेहनत" हा शब्द पत्रातून काढून तिथे हा आकडा ठेवला की मालकसुद्धा चष्मा लावून वाचतो.

दोन सावधगिऱ्या. आकडा उत्पादनाच्या रजिस्टरशी जुळवूनच लिहा, कारण साहेब पहिली तीच पडताळणी करतील आणि तो चुकला तर बाकीचं पत्रही संशयात जाईल. आणि श्रेय एकट्यानं घेऊ नका. वेग ऑपरेटरनं जुळवला, तुम्ही फक्त तक्ता लावला. "ऑपरेटरांसोबत" हा एक शब्द घातला नाही, तर शॉप फ्लोअरवर पत्राची बातमी पोचल्यावर पुढचे सहा महिने तुम्हाला कापलेला तुकडाही कोणी देणार नाही.

ज्यांच्या कामात असे आकडे निघत नाहीत, उदाहरणार्थ स्टोअरमधले किंवा अकाउंटमधले, त्यांनी वेळ मोजावा. जीएसटीचं रिटर्न आधी कोण भरायचं, आता कोण भरतं, महिनाअखेरचा हिशेब आधी किती दिवसांत बंद व्हायचा, आता किती. तेवढं पुरतं.

वरची पायरी कोणती, ते पाहा

मोठ्या कंपनीत प्रत्येक पदाची जबाबदारी आणि पात्रता लिहिलेली असते, ती एचआरकडे मागता येते. आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांत असा कागदच नसतो. नसेल तर घाबरू नका. "पुढच्या पदासाठी नक्की काय अपेक्षित आहे" हाच चर्चेतला पहिला मुद्दा करा.

मात्र एक चौकशी गुपचूप आधीच करून ठेवा. इन्स्पेक्टरचा ऑफिसर झाला की बऱ्याच ठिकाणी ओव्हरटाइम बंद होतो. सीझनमध्ये महिन्याला ओव्हरटाइमचे चांगले पैसे घेणाऱ्या माणसाला बढतीनंतर हातात कमी पगार आलेला मी पाहिलाय, आणि मग तो माणूस आणि त्याची बायको दोघंही कंपनीवर चिडलेले. वर्षाचा ओव्हरटाइम बेरीज करून ठेवा. पत्रात तो लिहायचा नाही, पण चर्चेला बसताना डोक्यात हवा.

पत्र कधी द्यायचं

बहुतेकजण मार्चमध्ये देतात, कारण एप्रिलमध्ये पगारवाढ होते. तेव्हा फार उशीर झालेला असतो. नवं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, पण कोणत्या खात्यात किती माणसं आणि कोणती पदं हे त्याच्या बरंच आधी ठरून गेलेलं असतं. मार्चमध्ये साहेब फार तर हळहळतील.

पाइप आणि ठिबकच्या धंद्यात उन्हाळ्याच्या आधी मागणी चढते आणि पावसाळ्यात उतरते. पावसाळ्यात साहेबांच्या टेबलावर जरा मोकळी जागा असते. शिवाय ऑगस्टमध्ये चर्चा झाली तर उणीव भरून काढायला तुमच्या हाती चार-पाच महिने उरतात, आणि बजेटाच्या वेळी साहेबांकडे सांगायला काहीतरी असतं. जिनिंगमध्ये किंवा डाळ मिलमध्ये असाल तर हे गणित वेगळं असेल. आपल्या धंद्याची मंदी कधी ते पाहून ठरवा.

त्यातही दिवस बघा. महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या गडबडीत नको. श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी अर्धी माणसं गावी जातात आणि साहेब शिफ्टला माणसं जुळवत फिरतात, तेव्हाही नको. आणि लाइन बंद पडली त्या दिवशी तर अजिबात नको, हे सांगायला लागू नये, पण भाचा तेच करणार होता.

आधी तोंडी एक वाक्य

पत्र अचानक आदळू देऊ नका. सकाळची मीटिंग संपल्यावर चालता चालता सांगा, "साहेब, मला या पदावर तीन वर्षं झाली. पुढच्या कामाबद्दल तुमच्याशी एकदा सविस्तर बसायचं होतं. मुद्दे लिहून मेल करू का?" ते "कर" म्हणतील. तेवढ्या एका शब्दानं तुमचं पत्र त्यांनीच मागितलेलं होतं. "आता नको, पुढच्या महिन्यात" म्हणाले, तर तारीख डायरीत लिहा आणि त्या तारखेला पुन्हा विचारा.

कंपनीचा मेल असेल तर मेलवरच पाठवा, कारण तो वर सरकवता येतो. नसेल तर एका पानाचा कागद, तारीख घालून, स्वतः नेऊन द्या आणि एक प्रत जवळ ठेवा. व्हॉट्सॲपवर पत्र पाठवू नका. तिथे ते सुप्रभातच्या फुलांखाली दबून जातं. पहिल्याच पत्रात एचआरला किंवा प्लांट हेडला प्रत लावू नका. साहेबांना वाटतं पोरगं आपल्या डोक्यावरून गेलं, आणि तो गैरसमज निस्तरताना मूळ विषय बाजूला पडतो. भाषा कोणती, हा प्रश्न भाच्यालाही पडला. साहेब ज्या भाषेत वर मेल करतात, ती. त्याचे साहेब मराठीत लिहितात, म्हणून आम्ही मराठीत लिहिलं.

पत्र

तिसऱ्या खेपेला हे असं झालं:

"विषय: पुढील जबाबदारीबाबत एक तासाच्या चर्चेची विनंती

आदरणीय साहेब,

सोमवारी बोलल्याप्रमाणे मुद्दे लिहून पाठवत आहे.

क्वालिटी इन्स्पेक्टर या पदावर मला या महिन्यात तीन वर्षे पूर्ण झाली. या काळात नेमणुकीच्या वेळी नसलेली तीन कामे माझ्याकडे आली आहेत. 63 मिमी लाइनवर दर तासाला वजन तपासण्याची पद्धत आपल्या परवानगीने सुरू केली. ऑपरेटरांसोबत चार महिन्यांत जास्तीचे वजन मीटरमागे 12 ग्रॅमवरून 5 ग्रॅमवर आणले. उत्पादन रजिस्टरप्रमाणे रोज सुमारे 63 किलो मालाची बचत होते. नवीन ट्रेनींना प्रेशर टेस्ट शिकवतो. शेतावरील तक्रारींची पाहणी करून अहवाल लिहितो.

मला क्वालिटी ऑफिसरच्या जबाबदारीसाठी तयार व्हायचे आहे. त्यासाठी तीन प्रश्नांवर आपले मार्गदर्शन हवे आहे.

एक, त्या पदासाठी कंपनीची नेमकी अपेक्षा काय आहे?
दोन, त्या तुलनेत माझ्यात आज काय कमी आहे?
तीन, ती उणीव भरण्यासाठी पुढील सहा महिन्यांत कोणते काम किंवा प्रशिक्षण घ्यावे, आणि आढावा कधी घ्यावा?

सध्या ते पद रिकामे नसल्यास, मटेरियल टेस्टिंग किंवा प्रोसेस विभागातील कामाचा अनुभव घेण्याचीही तयारी आहे.

पुढील आठवड्यात मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी 3 नंतर एक तास मिळाल्यास बरे होईल. वजनाच्या नोंदी सोबत आणतो.

आपला,"

खाली नाव, पद आणि कर्मचारी क्रमांक. संपलं.

यात पगाराचा शब्द नाही, तो मुद्दाम टाळलाय. पगार आला की तासभर पगारावरच जातो आणि अपेक्षा, उणीव, तारीख हे तिन्ही राहून जातं. पुण्यातल्या मित्रांचा उल्लेखही काढला. त्यांची कंपनी वेगळी, धंदा वेगळा. तो उल्लेख वाचून साहेबांना एवढंच कळतं की पोरगं निघायच्या तयारीत आहे. घरची जबाबदारीही काढली. ती खरी आहे, पण ती वर पाठवून मालकांकडून पद मिळत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर भाचा अडला होता. "मामा, माझ्यात काय कमी आहे हे मीच विचारू?" विचारायचंच. नाही विचारलं तर उणीव साहेबांच्या मनात राहते आणि बजेटाच्या वेळी तुमच्या पाठीमागे बोलली जाते. समोर बोलली गेली तर भरता तरी येते.

"रिकामे नसल्यास" हे वाक्य छोट्या युनिटमध्ये फार महत्त्वाचं. जिथे स्टाफमध्ये आठ-दहाच माणसं आणि वरच्या खुर्चीवर मालकांचे मेहुणे बसलेले, तिथे कितीही चांगलं पत्र लिहिलं तरी खुर्ची तयार होत नाही. तिथे आडवी सरक मागावी. कामाचा आवाका वाढतो, आणि उद्या दुसरीकडे मुलाखत द्यायची वेळ आली तर सांगायला दोन विभाग असतात.

दिल्यानंतर

पाच-सहा कामाचे दिवस थांबा. उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर एक ओळ: "साहेब, या आठवड्यात कोणता दिवस सोयीचा?" एवढंच, नाराजी न दाखवता. त्यानंतरही शांतता असेल तर समोर जाऊन विचारा. दोनदा विचारूनही दिवस मिळत नसेल, तर साहेबांना सांगूनच एचआरकडे जा.

चर्चेला वही आणि नोंदींची प्रत न्या. तिन्ही प्रश्न त्याच क्रमानं विचारा. साहेब बहुतेक वेळा मध्येच म्हणतात, "अरे, तू चांगलंच काम करतोस, चिंता करू नको." ऐकायला गोड वाटतं, पण चर्चा इथेच संपते. तिथे हसून म्हणायचं, "धन्यवाद साहेब, पण ऑफिसरच्या कामात मी आज कुठे कमी पडेन?" आणि मग गप्प बसायचं. पाच-दहा सेकंद अवघड जातात, जाऊ द्या.

समजूत घातली की खरी चर्चा झाली, हे ओळखायला मी एक साधी खूण वापरतो. बाहेर पडताना वहीत एक नेमकी उणीव, एक काम आणि एक तारीख लिहिलेली आहे का? "कम्युनिकेशन सुधार" ही उणीव नव्हे, तिला हातच घालता येत नाही. "ऑडिटच्या वेळी प्रश्नांना तू उत्तरं देत नाहीस, मलाच द्यावी लागतात" ही उणीव. भाच्याला हेच ऐकायला मिळालं, आणि ते खरं होतं. आयएसआय मार्कच्या तपासणीला अधिकारी आले की तो सॅम्पल काढून देतो आणि मागे जाऊन उभा राहतो.

त्याच संध्याकाळी, झोपण्यापूर्वी, ठरलेलं लिहून पाठवायचं. हा मेल मूळ पत्राइतकाच मोलाचा, आणि जवळजवळ कोणीच पाठवत नाही. भाच्यानं लिहिलं: "साहेब, आज वेळ दिल्याबद्दल आभार. ठरल्याप्रमाणे पुढच्या तपासणीत टेस्ट रेकॉर्डवरील प्रश्नांना मी उत्तरे देईन. शेतावरील तक्रारींचा मासिक अहवाल स्वतंत्रपणे तयार करेन. अंतर्गत ऑडिटच्या प्रशिक्षणासाठी आपण एचआरशी बोलणार आहात. आढावा 15 फेब्रुवारीला. काही राहिले असल्यास कळवावे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, एका ओळीचं. भाच्यानं मला फोनवर वाचून दाखवलं: "फेब्रुवारी नको. 10 जानेवारी कर, माणसांची यादी 20 तारखेला वर जाते."